काँक्रीटचं पाणी काढताना: गुणाकारानंतरची वजाबाकी

सिमेंट ५० किलो, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५०, म्हणून पाणी २५ लिटर. हा गुणाकार सहसा कुणी चुकत नाही. चूक पुढे होते. ते २५ लिटर मोजून सरळ मिक्सरमध्ये ओतले जातात, आणि वाळूने स्वतःसोबत आणलेलं चार-पाच लिटर पाणी कुणाच्या हिशोबातच येत नाही. कागदावर गुणोत्तर ०.५० राहतं आणि ड्रममध्ये ०.५७ होतं. मग काँक्रीट पातळ का झालं, चाचणीचा घन फोडल्यावर ताकदीचा आकडा कमी का आला, याची कारणं सिमेंटमध्ये शोधली जातात.

गुणाकारातून मिळणारा आकडा हा सिमेंटच्या वाट्याला येणाऱ्या एकूण मोकळ्या पाण्याचा असतो. बादलीने किती ओतायचं, हा वेगळा आकडा. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत कसं जायचं ते इथे क्रमाने दिलं आहे. एकच मिश्रण शेवटपर्यंत धरलं आहे: एका घाण्याला, म्हणजे मिक्सरमध्ये एका वेळी होणाऱ्या मिश्रणाला, ५० किलो सिमेंट, कोरड्या वजनाने ९० किलो वाळू, १६० किलो खडी आणि गुणोत्तर ०.५०.

## तयारी: घाणा लावण्याआधी हाताशी काय हवं

दोन वजनकाटे लागतात. एक मोठा, ज्यावर वाळू-खडीचं घमेलं किंवा पिंप ठेवता येईल. दुसरा लहान, जो एक-दोन ग्रॅमचा फरक दाखवेल. ओलावा काढण्यासाठी जुनी जाड बुडाची कढई, शेगडी, लोखंडी उलथनं आणि काचेचा एक लहान तुकडा एवढं पुरतं. वही-पेन तर हवंच, कारण तोंडी हिशोब तिसऱ्या घाण्यापर्यंतही टिकत नाही.

पाण्याच्या बादलीकडे मात्र नीट लक्ष द्या. 'एक बादली' हे माप नाही. बादलीवर छापलेली क्षमता काठोकाठ भरल्यावरची असते आणि काठोकाठ भरलेली बादली कुणी उचलून नेत नाही. म्हणून रिकामी बादली काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, १० किलो पाणी भरा आणि पाण्याच्या पातळीवर पक्क्या रंगाने रेघ मारा. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर, तेव्हा ही रेघ १० लिटरची झाली. किरकोळ पाण्यासाठी एका लिटरचं माप वेगळं ठेवा.

किती काटेकोर राहायचं? ५० किलोच्या घाण्यात अर्धा लिटर पाणी इकडे-तिकडे झालं की गुणोत्तर ०.०१ ने हलतं. एक लिटरने ०.०२. अर्ध्या लिटरपर्यंतचा फरक मी चालवून घेईन. त्याहून मोठा फरक पडत असेल, तर पुढच्या टप्प्यांवरची मेहनत फुकट जाते.

तपासा: पाणी मिक्सरला नळीने सोडलं जातं का? जात असेल तर आधी ते बंद करा. नळीने सोडलेलं पाणी मोजलं जात नाही.

## टप्पा १: गुणोत्तर कुठून घ्यायचं, आणि ते कशाचं आहे

गुणोत्तर तुम्ही अंदाजाने ठरवायचं नसतं. ते मिश्रण-रचनेच्या कागदावरून किंवा नकाशावरच्या टिपेतून येतं. ते ठरवताना दोन गोष्टी पाहिलेल्या असतात: हवी असलेली ताकद, आणि काँक्रीट कुठे राहणार आहे. खाऱ्या हवेत किंवा सतत ओल्या जमिनीत राहणाऱ्या कामाला ताकदीपुरतं लागतं त्याहून कमी गुणोत्तर दिलेलं असू शकतं. म्हणून 'ताकद तर येतेच आहे, थोडं पाणी वाढवू' हा युक्तिवाद तिथे लागू होत नाही. कागदावरचा आकडा कमाल मर्यादा समजा. त्याच्या खाली राहिलं तर चालतं, वर जायचं नाही.

गुणोत्तर वजनाचं असतं, मापाचं नाही. पाण्याचे किलो भागिले सिमेंटचे किलो. सिमेंट घमेल्याने आणि पाणी बादलीने मोजून 'अर्ध्याला अर्धं' केलं तर तो आकडा ०.५० च्या जवळपासही नसतो, कारण भुसभुशीत भरलेलं एक लिटर सिमेंट एका किलोपेक्षा बरंच जड असतं आणि भरण्याच्या पद्धतीप्रमाणे त्याचं वजन बदलतं.

फ्लाय ॲश किंवा स्लॅग साइटवर वेगळी टाकली जात असेल, तर कागदावरचं गुणोत्तर फक्त सिमेंटवर आहे की सिमेंट आणि ती पूड मिळून झालेल्या एकूण वजनावर, हे आधी विचारून घ्या. ४० किलो सिमेंट आणि १० किलो फ्लाय ॲश असेल तर ०.५० ने एका अर्थाने २० लिटर येतात, दुसऱ्या अर्थाने २५. फ्लाय ॲश कारखान्यातच मिसळलेली असेल, तर हा प्रश्न राहत नाही. गोणीचं सगळं वजन सिमेंट म्हणूनच धरायचं.

## टप्पा २: सिमेंटचं खरं वजन

भरलेली, न फाटलेली गोणी असेल तर तिच्यावर छापलेलं वजन धरा. मात्र ते वाचून धरा, सवयीने नाही. सगळीकडे गोणी ५० किलोचीच असते असं नाही. २५ आणि ४० किलोच्याही असतात. अर्धी गोणी वापरायची असेल तर ती तोलायची. डोळ्याने केलेली 'अर्धी' २२ किलोचीही असते आणि २८ चीही.

गोणीत गाठी असतील तर त्या बोटांनी चुरून बघा. सहज चुरल्या तर वजनाच्या दाबाने बसलेलं सिमेंट आहे, वापरता येईल. खडा होऊन राहिलेल्या गाठी चाळून बाहेर काढा आणि उरलेल्या सिमेंटचं वजन पुन्हा करा. ओलीने आधीच घट्ट झालेलं सिमेंट पाण्याच्या हिशोबात धरलं, तर जे सिमेंट कामच करणार नाही त्याच्या वाट्याचंही पाणी तुम्ही ओतता. गाठी खूपच निघाल्या तर ती गोणी महत्त्वाच्या कामाला लावू नका.

## टप्पा ३: गुणाकार

```
एकूण मोकळं पाणी (लिटर) = सिमेंट (किलो) × गुणोत्तर
५० × ०.५० = २५ लिटर
```

याच गोणीला ०.४० ने २० लिटर, ०.४५ ने २२.५, ०.५५ ने २७.५ आणि ०.६० ने ३० लिटर येतात.

या २५ लिटरपैकी सिमेंट रासायनिकरीत्या बांधून घेतं ते त्याच्या वजनाच्या साधारण पाव हिश्श्याहून थोडं कमीच, म्हणजे ११-१२ लिटर. बाकीचं पाणी काँक्रीट हलवता, भरता आणि दाबता यावं म्हणून असतं. ते पुढे वाळून जातं आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या सोडतं. जादा ओतलेला प्रत्येक लिटर या दुसऱ्या हिश्श्यात जातो. त्यातून सिमेंटला काहीच मिळत नाही, पोकळ्या तेवढ्या वाढतात.

वहीत '२५' लिहून त्याखाली रेघ मारा आणि पाण्याला अजून हात लावू नका.

## टप्पा ४: वाळूतला ओलावा

सगळ्यात मोठा घोळ इथे असतो, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

वाळूच्या कणात पाणी दोन ठिकाणी असतं. काही कणाच्या आतल्या छिद्रांत शिरलेलं असतं. ते तिथेच राहतं, सिमेंटला मिळत नाही. काही कणाच्या अंगावर चिकटलेलं असतं आणि मिक्सरमध्ये पडताच सिमेंटच्या वाट्याला येतं. गुणोत्तरात मोजायचं ते हे दुसरं पाणी. छिद्रं पूर्ण भरलेली आहेत पण अंग कोरडं आहे, अशी स्थिती मधली रेषा मानतात. तिला संपृक्त पण पृष्ठभागी कोरडी अवस्था म्हणतात. वाळू या रेषेच्या वर असेल तर ती मिश्रणाला पाणी देते, खाली असेल तर मिश्रणातलं पाणी पिते.

नमुना. ढिगाच्या वरची वाळू उन्हाने सुकलेली असते आणि तळाची निथळून भिजलेली. वरच्या मूठभर वाळूवरून काढलेला ओलावा म्हणूनच फसवतो. वरचा वीतभर थर बाजूला करा, ढिगाच्या तीन-चार ठिकाणांहून वाळू घ्या, एकत्र कालवा आणि त्यातून नमुना काढा. शक्य असेल तर ढीग आदल्या दिवशी फावड्याने वरखाली करून झाकून ठेवा. सगळीकडे ओलावा सारखा झाला की दिवसभर हिशोब सोपा जातो. ढिगाच्या तळाची थेट जमिनीला टेकलेली, पाणी साचलेली वाळू घाण्यात घेऊच नका.

वाळवणं. नमुना लगेच तोला. उघडा ठेवला तर तोलण्याआधीच सुकायला लागतो. आपल्या उदाहरणात ओली वाळू ५३० ग्रॅम भरली. ती कढईत मध्यम आचेवर ठेवा आणि हलवत राहा. आच मोठी केली तर कण तडतडून बाहेर उडतात आणि तेवढं वजन 'पाणी' म्हणून हिशोबात शिरतं. आधी वाळू उलथन्याला गोळ्यांनी चिकटते, मग गोळे सुटतात, रंग फिकट होतो आणि कण एकेकटे घरंगळू लागतात. इथे बरेच जण थांबतात, पण वाळू अजून पुरती सुकलेली नसते. काचेचा तुकडा कढईवर क्षणभर धरा. त्यावर वाफेचं धुकं आलं तर आणखी परता. धुकं येईनासं झालं की गार करून तोला, दोन मिनिटं पुन्हा तापवून परत तोला. दोन्ही वजनं सारखी आली की वाळू कोरडी झाली. आपल्याला ५०० ग्रॅम मिळाली.

```
ओलावा % = (ओलं वजन − कोरडं वजन) ÷ कोरडं वजन × १००
(५३० − ५००) ÷ ५०० × १०० = ६ %
```

लक्ष द्या: भागायचं कोरड्या वजनाने. ओल्या वजनाने भागलं तर ५.७ येतात. फरक लहान दिसतो, पण पुढचा सगळा हिशोब कोरड्या वजनावर चालतो, म्हणून इथेच पाया एक ठेवा.

शोषण वजा करा. या ६ टक्क्यांतलं कणाच्या आतलं पाणी सिमेंटला मिळणार नाही. वाळू किती पाणी पिते, म्हणजे तिचं शोषण, हा आकडा प्रयोगशाळेच्या अहवालात असतो. बऱ्याच वाळूंचं शोषण १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान येतं. आपल्या वाळूचं १ टक्का आहे. ओलावा रोज बदलतो, काही वेळा दर तासाला. शोषण हा दगडाचा गुण आहे. वाळूचं ठिकाण बदललं नाही तोवर तोच आकडा चालतो.

अंगावरचं पाणी ६ − १ = ५ टक्के. ९० किलोवर ते ४.५ लिटर झालं.

वाळूचं वजनही वाढवायचं. ही दुसरी अर्धी चूक फार होते. कागदावरची ९० किलो वाळू कोरडी आहे. ओल्या ढिगातून ९० किलो तोलली तर त्यात वाळू ८५ किलोच्या आसपास येते, उरलेलं पाणी असतं. म्हणून तोलायची ९० × १.०६ = ९५.४ किलो. पाणी कमी केलं पण वाळू वाढवली नाही, तर मिश्रणात वाळू कमी पडते आणि काँक्रीट खडखडीत होतं.

कागदावरची वजनं कोरडी आहेत की संपृक्त-पृष्ठकोरड्या अवस्थेतली, हेही एकदा वाचून घ्या. दुसऱ्या प्रकारची असतील तर त्यांत शोषण आधीच धरलेलं असतं. मग त्या वजनाला आधी (१ + शोषण) ने भागून कोरडं वजन काढा आणि इथल्यासारखं पुढे चला. शोषण दोनदा वजा होणार नाही एवढी काळजी घ्या.

वाळू वजनाऐवजी फऱ्याने किंवा घमेल्याने मोजत असाल तर आणखी एक गोष्ट आड येते. ओलसर वाळू फुगते. पाच-सहा टक्के ओलाव्याला तिचं आकारमान पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त वाढू शकतं, आणि बारीक वाळूत जास्तच. म्हणजे तोच फरा भरला, पण वाळू कमी पडली. पाण्याचा काटेकोर हिशोब करायचाच असेल तर वाळू तोला. एवढंही होत नसेल तर गुणोत्तरात दशांशचिन्हानंतर दोन आकडे लिहिण्याला फारसा अर्थ उरत नाही.

## टप्पा ५: खडी

खडीचा हिशोब तसाच, आकडे मात्र लहान. मोठ्या तुकड्यांच्या अंगावर पाणी कमी टिकतं. उन्हात पडलेली खडी बहुतेक वेळा उलट दिशेने काम करते, ती पाणी पिते.

आपल्या खडीचं शोषण ०.८ टक्के आणि सध्याचा ओलावा ०.३ टक्के आहे. ती अजून ०.५ टक्के पाणी पिणार. १६० किलोवर ०.८ लिटर. तोलायची १६० × १.००३, म्हणजे सुमारे १६०.५ किलो.

हातात प्रयोगशाळा नसेल तर खडीचं शोषण स्वतः काढता येतं. दोन-तीन किलो खडी धुऊन २४ तास पाण्यात ठेवा. बाहेर काढून जाड फडक्यावर पसरा आणि पुसा. तुकड्यावरची पाण्याची चकाकी गेली पाहिजे, पण दगडाचा ओलसर गडद रंग राहिला पाहिजे. त्याच क्षणी तोला. मग पूर्ण वाळवून पुन्हा तोला. फरकाला कोरड्या वजनाने भागलं की शोषण मिळालं. वाळूला ही पुसण्याची युक्ती लागू पडत नाही, तिचा आकडा अहवालातूनच घ्या.

लक्ष द्या: खडीवर धूळ असेल तर ती धूळ पाणी ओढते आणि काँक्रीट घट्ट वाटतं. त्यावर उपाय खडी आधी धुऊन निथळू देणं. मिक्सरमध्ये पाणी वाढवणं हा उपाय नाही. खूप गरम हवेत खडीवर आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडलेलंही बरं. ती मिक्सरमध्ये पाणी पीत बसत नाही आणि ताज्या काँक्रीटचा मऊपणा झपाट्याने उतरत नाही. मात्र शिंपडल्यावर तिचा ओलावा नव्याने काढा.

## टप्पा ६: वजाबाकी

```
ओतायचं पाणी = सिमेंट × गुणोत्तर
             − वाळू देणार ते पाणी
             + खडी पिणार ते पाणी

२५ − ४.५ + ०.८ = २१.३ लिटर
```

खडीही ओली असती तर तिचं पाणीही वजा झालं असतं. वहीत घाण्याचं पत्रक असं येतं: सिमेंट ५० किलो, वाळू ९५.४, खडी १६०.५, पाणी २१.३ लिटर. बेरीज ३२७.२ किलो. कागदावरच्या कोरड्या हिशोबाची बेरीज जुळते का तेही बघा. ५० + ९० + १६० आणि पाणी धरून ३२७.२ यायचे, तर एकूण पाणी २७.२ हवं. ते असं: ओतलेलं २१.३, वाळूतलं सगळं ५.४, खडीतलं ०.५. जुळलं. या २७.२ पैकी ०.९ लिटर वाळूच्या आणि १.३ लिटर खडीच्या कणांच्या आत आहे. उरले २५. ही उलट पडताळणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि अधिक-उणेची चूक हमखास पकडते.

आता न मोजता ओतलं असतं तर काय झालं असतं ते बघा. २५ लिटर ओतले, वाळूने ४.५ दिले, खडीने ०.८ प्यायले. मोकळं पाणी २८.७ लिटर, गुणोत्तर ०.५७. मिश्रण-रचनेच्या नेहमीच्या तक्त्यांत या पट्ट्यात गुणोत्तर ०.०७ ने वाढलं की २८ दिवसांच्या ताकदीतून साधारण ५ मेगापास्कल जातात. तीसच्या आसपास ताकद अपेक्षित असेल तर हा सहावा हिस्सा झाला, आणि तो केवळ वाळूच्या ओलाव्याने गेला.

प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट मऊ करणारं रसायन, द्रवरूपात टाकत असाल तर त्यातही पाणी असतं. गोणीला शे-दोनशे मिलिलिटर पडत असेल तर ते सोडून द्यायला हरकत नाही. मात्रा मोठी असेल तर त्यातला पाण्याचा भाग पुरवठादाराच्या माहितीपत्रकातून घेऊन वजा करा.

## टप्पा ७: मिक्सरमध्ये टाकण्याचा क्रम

१. ड्रम धुतला असेल तर उलटा करून पूर्ण निथळू द्या. तळाशी राहिलेलं लिटरभर धुण्याचं पाणी म्हणजे ०.०२ चा फरक.

२. २१.३ लिटर आधीच एका ठिकाणी मोजून ठेवा. त्यातले दीड-दोन लिटर वेगळ्या भांड्यात काढा. हे शेवटी लागतील. न लागल्यास तसेच राहतील.

३. फिरत्या ड्रममध्ये थोडं पाणी आणि निम्मी खडी टाका. खडीने ड्रमच्या भिंती धुतल्या जातात, सिमेंट चिकटत नाही.

४. वाळू, सिमेंट, उरलेली खडी टाका आणि त्यासोबत पाणी हळूहळू सोडा. सिमेंट आधी आणि एकटं टाकलं तर ते ओल्या पात्यांना चिकटून बसतं. चिकटलेलं सिमेंट घाण्यात नसतं, म्हणजे गुणोत्तर तेवढं वर गेलेलं असतं.

५. सगळं टाकून झाल्यावर किमान दोन मिनिटं फिरवा आणि त्यानंतरच मत बनवा. पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात जवळजवळ प्रत्येक घाणा कोरडा वाटतो, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी बादली उचलतं.

६. राखून ठेवलेलं पाणी आता थोडं थोडं द्या. सगळं दिलं तरी बेरीज २१.३ च्या पुढे जात नाही.

तपासा: दिवसाचा पहिला घाणा नेहमी वेगळा वागतो. सिमेंट-वाळूचा काही भाग ड्रमला आतून लेपासारखा बसतो, म्हणून काँक्रीट खडीदार आणि घट्ट निघतं. यासाठी पहिल्या घाण्यात सिमेंट, वाळू आणि पाणी त्याच प्रमाणात थोडं जास्त घ्या. पाणी एकटं वाढवू नका.

## टप्पा ८: घाणा बघा, स्लंप घ्या

स्लंपचा साचा ३०० मिलिमीटर उंच असतो, खाली २०० आणि वर १०० मिलिमीटर व्यासाचा. तीन थर, प्रत्येक थराला गजाचे २५ ठोके, मग साचा सरळ वर उचलायचा आणि काँक्रीट किती खाली बसलं ते मोजायचं. स्लंप गुणोत्तर सांगत नाही, हे लक्षात ठेवा. पण वजनं तीच असताना एका घाण्यातून दुसऱ्यात तो अचानक बदलला, तर पाणी बदललं हे तो सांगतो. घनमीटरमागे सुमारे ६ लिटर पाणी वाढलं की स्लंप साधारण २५ मिलिमीटरने वाढतो. आपला घाणा जेमतेम ०.१४ घनमीटरचा आहे, म्हणजे इथे ०.८ लिटरनेही तेवढा फरक दिसेल.

काँक्रीट घट्ट निघालं तर. आधी राखीव पाणी खरंच सगळं गेलं का ते बघा. मग वजनं पडताळा, विशेषतः खडी जास्त पडली का. सगळं बरोबर असूनही घट्टच असेल तर सिमेंट आणि पाणी दोन्ही एकत्र वाढवा. २ किलो सिमेंटला १ लिटर पाणी, दोन्ही एका वेगळ्या भांड्यात एकत्र कालवून. गुणोत्तर ०.५० च राहतं, सरबरीतपणा वाढतो. वारंवार असं होत असेल तर मिश्रणच बदलून घ्यावं लागेल किंवा प्लास्टिसायझर लागेल. 'फक्त एक तांब्या' पाणी हा पर्याय या यादीत नाही.

पातळ निघालं तर. वाळूचा ओलावा मोजल्यापेक्षा जास्त आहे असं समजा आणि पुढच्या घाण्याआधी नवा नमुना घ्या. पातळ झालेल्या घाण्यात वरून कोरडं सिमेंट भुरभुरून तो 'सुधारत' बसू नका. किती पाणी जास्त आहे हेच माहीत नसताना सिमेंट किती घालायचं ते ठरवता येत नाही. तो घाणा कमी महत्त्वाच्या कामाला वळवा.

## टप्पा ९: हवा बदलली की हिशोब बदला

दुपारी सर आली आणि वाळूचा ओलावा ६ वरून ८ टक्क्यांवर गेला. खडी झाकलेली होती, ती तशीच आहे. नवा हिशोब: मोकळा ओलावा ८ − १ = ७ टक्के, वाळूतून ६.३ लिटर. वाळू तोलायची ९० × १.०८ = ९७.२ किलो. पाणी २५ − ६.३ + ०.८ = १९.५ लिटर. सकाळचा २१.३ चा आकडा तसाच चालवला असता तर १.८ लिटर जादा गेले असते.

ढीग ताडपत्रीने झाकलेला असेल तर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा नमुना पुरतो. उघडा असेल तर प्रत्येक सरीनंतर, आणि वाळूची नवी गाडी आली की लगेच. प्रत्येक नोंदीसमोर वेळ लिहा. घन फोडताना कोणता घन कोणत्या ओलाव्याच्या घाण्याचा, हे नंतर शोधता आलं पाहिजे.

## मिक्सरच्या बाहेर शिरणारं पाणी

मिक्सरमधून बाहेर पडल्यावरही पाणी शिरतं. शटरिंगच्या तळाशी साचलेलं पाणी काढलं नाही तर सगळ्यात खालचा, बहुधा गजाभोवतीचा थर पातळ होतो. वरून स्पंज फिरवताना किंवा गुळगुळीत करताना शिंपडलेलं पाणी पृष्ठभागाच्या पातळ थराचं गुणोत्तर वाढवतं. पुढे तोच थर धूळ सोडतो आणि पापुद्र्याने निघतो. तास-दीड तास पडून राहिलेलं, घट्ट होऊ लागलेलं काँक्रीट पाण्याने पुन्हा मऊ केलं तर ते पाणी हिशोबाबाहेरचंच असतं.

क्युरिंगचं पाणी यात मोजायचं नाही. ते काँक्रीट घट्ट झाल्यानंतर बाहेरून दिलं जातं, आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. 'नंतर पाणी मारणारच आहोत, मग मिक्सरमध्ये थोडं जास्त गेलं तर काय' असं म्हणणाऱ्याला वहीतला ०.५० चा घाणा आणि ०.५७ चा घाणा शेजारी शेजारी दाखवा. दोन्हींना क्युरिंग सारखंच केलं, तरी जादा ओतलेल्या पाण्याने सोडलेल्या पोकळ्या त्याने बुजत नाहीत.